जंगल-डोंगरातलं विद्यार्थी सर्वेक्षण: सुरक्षा आराखडा परतीच्या वेळेपासून कसा आखायचा

विद्यार्थ्यांचे सुरक्षा आराखडे तपासताना मला वर्षानुवर्षं तीच यादी दिसते. साप, मधमाश्या, ऊन, घसरडी वाट, वन्यप्राणी आणि प्रत्येकासमोर "योग्य ती काळजी घ्यावी" किंवा "प्रथमोपचार पेटी सोबत ठेवावी". पण ठरलेल्या वेळी तुकडी परत आली नाही, तर ते कोणाच्या लक्षात येणार, किती वाजता येणार आणि त्या माणसाने काय करायचं, याबद्दल एक ओळही नसते. प्रत्यक्षात बरेचसे अनुभव मात्र असे असतात: कामाला उशीर झाला, घाईने उतरताना कोणीतरी पडलं, अंधार झाला आणि फोनला रेंज नव्हती. यादीतला प्रत्येक धोका उशिरामुळे वाढतो, म्हणून मी आराखडा घड्याळापासून सुरू करायला लावतो.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. सहा जणांची तुकडी आहे: एक मार्गदर्शक आणि पाच विद्यार्थी. गाडी 400 मीटर उंचीवर थांबते. तिथून 850 मीटर उंचीपर्यंत वनस्पतींचे सहा प्लॉट आहेत, प्रत्येक 10 बाय 10 मीटरचा. सर्वात वरचा प्लॉट वाटेने 4 किलोमीटरवर आहे. सूर्यास्त सव्वासहाचा. हंगाम असा, की दुपारनंतर विजांसह पाऊस येऊ शकतो. फोनला रेंज फक्त गाडीपाशी मिळते.

## टप्पा 1: पाहणीला जा आणि चार गोष्टी मोजून आणा

उपग्रह चित्रावर प्लॉट टाकले म्हणजे पाहणी झाली, असं नाही. झाडांच्या छत्राखाली कडा आहे की कातळ आहे की काटेरी झुडपांची भिंत, हे चित्रात दिसत नाही. दोन अनुभवी माणसांनी, डेटा न घेता, एकदा पूर्ण वाट चालून यायला हवं आणि येताना चार गोष्टी लिहून आणायला हव्यात.

पहिली म्हणजे गाडीपासून प्रत्येक प्लॉटला लागलेला खरा वेळ. दुसरी, फोनला रेंज मिळणाऱ्या जागा, त्याही जीपीएस बिंदूंसह. ही तपासणी तुकडी वापरणार असेल त्या प्रत्येक कंपनीच्या सिमकार्डावर करा, कारण एकाला रेंज आहे म्हणून दुसऱ्याला असेलच असं नाही. तिसरी, वाटेतून बाहेर पडायच्या जागा: वर न जाता कुठून खाली सुटता येतं. चौथी, वाट जिथे अडू शकते त्या जागा. आपल्या उदाहरणात अशा दोन आहेत. गाडीपासून 1 किलोमीटरवर एक ओढा आहे आणि प्लॉट 4 व 5 यांच्यामध्ये सुमारे 30 मीटरचा शेवाळलेला कातळ आहे.

याच फेरीत एक नमुना प्लॉट पूर्ण करून वेळ मोजा. विद्यार्थी कागदावर एका प्लॉटला अर्धा तास लिहितात. फीत ताणणं, कोपरे काटकोनात आणणं, प्रत्येक खोडाचा घेर मोजणं आणि ओळख न पटलेल्या झाडाचा नमुना घेणं धरलं, तर आपल्या उदाहरणात 45 मिनिटं लागली.

तपासा: पाहणी कोणत्या हंगामात केली? कोरड्या दिवसांत घोट्याएवढा असलेला ओढा पावसाळ्याच्या तोंडावर तसाच राहील, असं धरू नका. हंगाम बदलला की पाहणी पुन्हा करावी लागते.

## टप्पा 2: दिवसाचं गणित मांडा

डोंगरातल्या चालीचा एक जुना अंदाज आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो 1892 मध्ये मांडला. आजच्या मापांत तो साधारण असा सांगतात: तासाला 5 किलोमीटर आणि चढाच्या दर 600 मीटरला एक तास जास्त. आपल्या वाटेला तो लावला तर 4 किलोमीटरला 48 मिनिटं आणि 450 मीटर चढाला 45 मिनिटं, म्हणजे 93 मिनिटं होतात.

पण हा अंदाज धडधाकट माणसासाठी आणि बऱ्या पायवाटेसाठी आहे. पाठीवर उपकरणं, अर्धी वाट झाडोऱ्यातून आणि तुकडीत पहिल्यांदाच डोंगर चढणारं कोणीतरी, अशा वेळी मी दीडपट धरतो. म्हणजे 140 मिनिटं. उतरताना नुसत्या अंतराची 48 मिनिटं येतात, तीही दीडपट करून 75 धरतो. "उतरायला काय वेळ लागतो" हे वाक्य ज्याच्या तोंडी येतं, त्याला ओल्या पाचोळ्यावरून उतरायला लावून बघा.

आता बेरीज. चढ 140 मिनिटं, सहा प्लॉट प्रत्येकी 45 म्हणजे 270, उतार 75 आणि विश्रांती-जेवण 45. एकूण 530 मिनिटं, म्हणजे 8 तास 50 मिनिटं. सकाळी 7:00 ला निघालं तर 15:50 ला गाडीपाशी पोचाल. सूर्यास्ताच्या दीड तास आधी, म्हणजे 16:45 ला, सगळे गाडीपाशी हवेत असा नियम धरला, तर हाताशी 55 मिनिटं उरतात.

हेच गणित 8:00 ला निघून केलं तर 16:50 होतात. एकही अडचण न येता मर्यादा मोडली. दाट जंगलात सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी जमिनीवर अंधारून येतं, म्हणून तो दीड तास कामासाठी वापरायचा नसतो. सकाळी निघायला तासभर उशीर झाला, तर एक प्लॉट तिथेच, गाडीपाशी उभं राहून रद्द करायचा. वर जाऊन ते ठरवू म्हणाल, तर ठरवलं जाणार नाही.

नेहमीची चूक: हाताशी ठेवलेली 55 मिनिटं पाहून सातवा प्लॉट घालणं. तो वेळ मुरगळलेल्या पायासाठी आणि चुकलेल्या वाटेसाठी आहे.

## टप्पा 3: कामाचा क्रम उलटा करा

बहुतेक तुकड्या गाडीजवळच्या प्लॉटपासून सुरुवात करून वर सरकतात. सोयीचं वाटतं, पण त्यामुळे दिवस संपताना तुकडी सर्वात थकलेली, गाडीपासून सर्वात लांब आणि सर्वात उंचावर असते. वीज-पावसाची वेळही नेमकी तीच.

म्हणून आधी न थांबता सर्वात वरच्या प्लॉटवर जा आणि उतरत काम करा. आपल्या उदाहरणात तुकडी 9:20 ला वर पोचते. यानंतर संपवलेला प्रत्येक प्लॉट तुम्हाला गाडीजवळ आणतो आणि काम मध्येच थांबवावं लागलं, तरी उरलेली वाट कमीच असते.

यासाठी दोन वेळा आधीच लिहून ठेवा. चढताना 10:15 पर्यंत वरच्या प्लॉटवर पोचला नाहीत, तर चढणं थांबवायचं आणि वाटेत जो प्लॉट सर्वात जवळ असेल तिथून उतरत काम सुरू करायचं. दुसरी वेळ 15:15 ची. तेव्हा जिथे असाल तिथून निघायचं, प्लॉट अर्धा राहिला तरी. अगदी वरच्या टोकावरून निघालात तरी 75 मिनिटांत, 16:30 ला खाली येता.

अभ्यासाच्या बाजूने एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पक्ष्यांचा हालचालीचा जोर सकाळी असतो, त्यामुळे रोज वरून खाली मोजत आलात तर उंचीचा परिणाम आणि वेळेचा परिणाम एकमेकांत मिसळतात. झाडांच्या सर्वेक्षणात हा प्रश्न येत नाही. पक्षी मोजायचे असतील तर वरचे आणि खालचे बिंदू वेगवेगळ्या दिवशी, पण सकाळच्या त्याच तासांत घ्या. दिवस वाढतील. सुरक्षेची वेळ कमी करून ते दिवस वाचवू नका.

वीज: लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात, म्हणजे 30 सेकंद हे सुमारे 10 किलोमीटर. 30 किंवा त्याहून कमी भरले, तर काम सोडून धारेवरून आणि उघड्यावरून खाली निघायचं. एकट्या उंच झाडाखाली थांबू नका. पक्क्या धातूच्या छताची बंद गाडी हा चांगला आसरा आहे. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं जाईपर्यंत परत वर जायचं नाही.

## टप्पा 4: धोक्यांचा तक्ता, पण जागेसकट

आता तक्त्याकडे या. नेहमीची पद्धत माहीत असेल: शक्यतेला 1 ते 5, परिणामाला 1 ते 5 आणि दोन्हींचा गुणाकार. पद्धत ठीक आहे, भरताना चुकतं. "घसरून पडणे: शक्यता 2, परिणाम 2" असं लिहिलं की गुणाकार 4 येतो आणि सगळे निर्धास्त होतात.

धोक्याचं नाव लिहू नका. प्रसंग लिहा: कुठे, काय करताना, काय होईल आणि मदत किती लांब आहे. आपल्या उदाहरणातली ओळ अशी होते:

"प्लॉट 4-5 मधला शेवाळलेला कातळ. उतरताना हातात फीत आणि वही. घसरल्यास घोटा मोडू शकतो. तिथून गाडी सुमारे 3 किलोमीटर, जखमीला चालता येणार नाही. शक्यता 3, परिणाम 4, गुणाकार 12."

परिणाम 4 कसा, हे महत्त्वाचं आहे. तोच घोटा महाविद्यालयाच्या आवारात मोडला तर 2 गुण पुरे होते, कारण रिक्षा दारात येते. इथे खाली यायला कित्येक तास लागतील. परिणामाचा आकडा जखमेइतकाच मदतीच्या अंतरावर ठरतो.

उपाय लिहिताना सर्वात आधी धोका टाळता येतो का, ते बघा. कातळाला वळसा घालणारी 200 मीटर जास्तीची वाट पाहणीत सापडली असेल, तर तीच वापरायची. नसेल, तर तिथे फीत-वही पाठीवरच्या पिशवीत, दोन्ही हात मोकळे, एका वेळी एकच माणूस. बूट आणि प्रथमोपचार या गोष्टी यानंतर येतात. वळसा घेतल्यावर शक्यता 1 होते. परिणाम मात्र 4 च राहतो, कारण गाडी तेवढीच लांब आहे. उपाय लिहिला की दोन्ही आकडे उतरवायचे, ही सवय जवळजवळ प्रत्येक तक्त्यात दिसते. परिणामाचा आकडा उतरवायचा असेल, तर मदत जवळ आणावी लागते.

ओढ्याची ओळही अशीच. सकाळी ओलांडताना पाणी घोट्याएवढं. पाऊस वरच्या अंगाला पडला, तर तुमच्या डोक्यावर ढग नसतानाही संध्याकाळी पाणी चढलेलं असू शकतं. वाहतं पाणी गुडघ्यापर्यंत आलं असेल, गढूळ झालं असेल किंवा त्यातून काटक्या वाहून येत असतील, तर उतरायचं नाही. अलीकडच्या काठावर, पाण्यापासून उंच जागी थांबायचं. ही जागा पाहणीतच निवडून नकाशावर खूण करा, कारण डोंगरावर न जाता फोनपाशी थांबलेल्या, म्हणजे बेसवरच्या माणसाला ती माहीत असावी लागते. त्याचं कारण टप्पा 6 मध्ये येईल.

तपासा: तक्त्यातली ओळ दुसऱ्या कुठल्याही जंगलाला जशीच्या तशी लागू पडत असेल, तर ती पुन्हा लिहा.

## टप्पा 5: जखमी माणूस खाली कसा येणार, हे कागदावर चालवून बघा

चालू न शकणाऱ्या माणसाला खडबडीत वाटेवरून नेणं किती जड आहे, याची कल्पना प्रत्यक्ष उचलल्याशिवाय येत नाही. स्ट्रेचरला एका वेळी सहा हात-जोड्या लागतात आणि त्या सारख्या बदलाव्या लागतात. सहांपैकी एक जखमी झाला तर उरले पाच. 3 किलोमीटर तुम्ही त्याला नेऊ शकणार नाही, असंच धरून चाला. म्हणजे आराखडा "उचलून आणू" असा नसतो. जखमीजवळ कोण थांबेल आणि निरोप घेऊन कोण जाईल, असा असतो.

यातूनच किमान चारचा नियम येतो: एक जखमी, एक त्याच्यासोबत आणि दोघं मिळून मदतीला. एकट्याला पाठवायचं नाही. आता पाहा, डेटा लवकर व्हावा म्हणून सहांच्या तुकडीचे तीन-तीन असे दोन गट केले, की दोन्ही गट चारच्या खाली जातात. ही विभागणी इतक्या वेळा होते आणि इतकी निरुपद्रवी वाटते, की ती आराखड्यात स्पष्ट शब्दांत मनाई करून लिहावी लागते.

निरोप घेऊन जाणाऱ्या दोघांच्या हातात कागद हवा. त्यावर जागा, वेळ, काय झालं, शुद्ध आहे का, श्वास कसा आहे आणि सोबत कोण आहे, एवढं लिहिलेलं असावं. जागा दशांश अंशांतच लिहायची, हे आधी ठरवा. एकाने 30 मिनिटं (म्हणजे 0.5 अंश) सांगितलं आणि दुसऱ्याने ते 0.30 अंश असं टिपलं, तर 0.2 अंशाचा फरक पडतो. उत्तर-दक्षिण दिशेत तो सुमारे 22 किलोमीटरचा होतो. फोनचं जीपीएस रेंज नसतानाही चालतं. नकाशा मात्र आदल्या रात्री उतरवून ठेवलेला हवा.

प्रत्येकाच्या गळ्यात शिटी असू द्या. डोंगरातला संकटाचा संकेत म्हणजे एका मिनिटात सहा शिट्या, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा तेच. उत्तर म्हणून मिनिटात तीन.

दोन प्रसंग वेळेशी थेट बांधलेले आहेत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी ओळ हवी. सर्पदंशात कापणं, चोखणं, घट्ट आवळपट्टी बांधणं आणि साप पकडायला जाणं, हे चारही नाही. अंगठी-घड्याळ काढा, अवयव हलणार नाही असा आधार द्या, माणसाला शक्यतो चालवू नका आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. तसं रुग्णालय कोणतं, रात्री उघडं असतं का आणि प्रतिविषाचा साठा आहे का, हे निघायच्या आठवड्यात फोन करून विचारायचं. "जवळचे रुग्णालय" एवढंच लिहिलेला आराखडा मी परत पाठवतो.

दुसरा प्रसंग मधमाश्यांचा. हल्ला झाला तर झटकत उभं राहायचं नाही. तोंड झाकून लांब पळायचं आणि पाण्यात उडी घ्यायची नाही. एखाद्याला तीव्र ॲलर्जी असेल, तर काही मिनिटांत श्वास कोंडू शकतो. डॉक्टरांनी दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन त्याच्या स्वतःच्या खिशात हवं आणि ते कसं द्यायचं, हे आणखी दोघांना यायला हवं. गाडीत ठेवलेल्या इंजेक्शनचा डोंगरावर उपयोग नाही.

यासाठी प्रत्येकाकडून आजार, औषधं आणि ॲलर्जीची माहिती आधी घ्यावी लागते. ती सगळ्यांसमोर विचारू नका, मुलं लपवतात. बंद पाकिटात घ्या. एक मार्गदर्शकाकडे, एक बेसवर, आणि काम संपल्यावर नष्ट.

## टप्पा 6: बेसवरचा माणूस आणि "आले नाहीत" ची शिडी

बेसवरचा माणूस म्हणजे त्या दिवशी डोंगरावर न गेलेला, फोन हाताशी ठेवून बसलेला आणि आराखड्याची छापील प्रत समोर असलेला एक ठरावीक माणूस. "विभागाला कळवले आहे" हे चालत नाही. विभाग फोनची वाट पाहत बसत नाही.

आपल्या उदाहरणात 16:45 ला गाडीपाशी पोचायचं आहे आणि रेंज तिथेच आहे, म्हणून फोनची अंतिम वेळ 17:00. पुढची शिडी अशी:

1. 17:00: फोन आला नाही. बेसवरचा माणूस मार्गदर्शक, उपप्रमुख आणि चालक या क्रमाने फोन लावतो.
2. 17:15: तरीही संपर्क नाही. जवळच्या वस्तीतल्या ठरवलेल्या माणसाला आणि वन कार्यालयाला कळवतो. गाडी जागेवर आहे का आणि ओढ्याला पाणी किती आहे, ते बघायला सांगतो.
3. 17:45: आपत्कालीन क्रमांकावर कळवतो. तुकडीची संख्या, वाट, प्लॉटचे बिंदू, ओढ्याच्या डोंगराकडच्या काठावरची थांबायची जागा आणि कोणाला काय आजार, हे सगळं वाचून दाखवतो.

तिसऱ्या पायरीसाठी बेसवरच्या माणसाला कोणाची परवानगी लागू नये, हे लिहून आणि सही घेऊन ठेवा. नाहीतर तो "उगाच गोंधळ नको" म्हणत आठ वाजेपर्यंत थांबतो. 17:45 ला सूर्यास्ताला अर्धा तास असतो. आठ वाजता शोधपथकाच्या हाती फक्त विजेऱ्या असतात.

दुसऱ्या बाजूने तुकडीलाही एक शिस्त पाळावी लागते. खाली आल्यावर आधी फोन, मग चहा. एकदा आमच्या तुकडीने गाडीत बसल्यावर तासाभराने फोन केला, तोवर दोन माणसं आम्हाला शोधायला वर निघाली होती. त्यांची माफी मागताना मला ती शिडी बरोबर चालली याचा आनंदही झाला, पण ते त्यांना सांगायची सोय नव्हती.

तपासा: आदल्या दिवशी शिडीतला प्रत्येक क्रमांक खरोखर लावून बघा. बदललेला क्रमांक त्या संध्याकाळी सापडून उपयोग नाही.

## टप्पा 7: निघायच्या सकाळी

गाडीपाशी दहा मिनिटं पुरतात. हवामानाचा ताजा अंदाज वाचा, डोकी मोजा, फोनची बॅटरी बघा आणि प्रत्येकाकडे विजेरी आहे का, ती लावून बघा. मग 10:15, 15:15 आणि 17:00 या तीन वेळा एखाद्या विद्यार्थ्याकडून वदवून घ्या, मार्गदर्शकाने म्हणू नयेत. ज्याला त्या सांगता येत नाहीत, त्याने आराखडा वाचलेला नाही.

"थांबूया" म्हणायचा हक्क सहाही जणांना असतो, हेही तेव्हाच सांगा आणि अट घाला, की कोणी म्हटलं तर त्या क्षणी वाद घालायचा नाही. पहिल्या वर्षाचा मुलगा मार्गदर्शकासमोर पाय दुखतोय असं सहसा म्हणत नाही. तो लंगडत चालतो आणि कातळावर पडतो. म्हणून चाल सर्वात सावकाश माणसाची ठेवा, उपप्रमुख सर्वात मागे ठेवा आणि प्रत्येक प्लॉट सोडताना डोकी मोजा.

हातातल्या वहीत प्रत्येक प्लॉटच्या नोंदीशेजारी सुरुवातीची आणि संपल्याची वेळ टिपा. तिसऱ्या प्लॉटनंतर ठरलेल्या वेळेशी ताडून बघा. अर्ध्या तासाहून जास्त मागे असाल, तर शेवटचा प्लॉट तिथेच रद्द करा.

## टप्पा 8: परतल्यावर

त्याच संध्याकाळी, अंघोळीआधी, अंगावर गोचिडी आहेत का ते बघा: कानामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली. सापडली तर चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढा; तेल किंवा चटका नको. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं. गोचीड किंवा चिगर माइट चावून होणारे ताप नुसत्या लक्षणांवरून ओळखू येत नाहीत.

मग वहीतल्या खऱ्या वेळा टप्पा 2 च्या गणिताशेजारी लिहा. आपल्या तुकडीला चढायला 140 ऐवजी 165 मिनिटं लागली, तर पुढच्या फेरीच्या आराखड्यात 165 धरा आणि सहाऐवजी पाच प्लॉट ठेवा. थोडक्यात निभावलेले प्रसंगही इथेच लिहा: कातळावर पाय सटकला पण सावरला, ओढ्यात एकाचा तोल गेला, 15:15 ऐवजी 15:40 ला निघालो. ही नोंद नावाशिवाय घेतली, तर विद्यार्थी खरं लिहितात. टप्पा 4 मधले शक्यतेचे आकडे पुढच्या वेळी याच नोंदींवरून भरायचे आहेत.